श्रावण सोमवारचे प्रवचन : मल्लय्याला शोधणारा पोरगा

मंडळी, सगळ्यांना शरणार्थ.

समोर बसलेल्यांत मंगळवेढ्याची, सांगोल्याची, अक्कलकोटकडची कितीतरी माणसं दिसतात. कुणी एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभं असतं, कुणी विड्या वळतं. गावात घराबाहेर पाऊल टाकलं की चार जण विचारायचे, "कुठं निघालास? जेवलास का?" इथं भिंतीला भिंत लागून आहे, पण ताप येऊन तीन दिवस पडून राहिलं तरी शेजारी दार वाजवत नाही. आई फोनवर विचारते तेव्हा आपण "जेवलो" म्हणतो, आणि मग उपाशीच झोपतो. हे दुःख खरं आहे. त्याला मनाचा खेळ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आपल्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लहान सिद्धराम शेत राखत होता. एक जंगम आला, नाव सांगितलं मल्लय्या. पोरानं त्याला हुरडा दिला. जंगम म्हणाला, दहीभात पाहिजे. पोरगा घरी पळाला, दहीभात घेऊन आला, तर शेतात कुणीच नाही! "मल्लय्या, मल्लय्या" करत तो यात्रेकरूंच्या मागं थेट श्रीशैलला गेला. एवढ्या गर्दीच्या क्षेत्रात, ओळखीचं एक माणूस नाही, हाक मारत रडतोय. मला ही गोष्ट सांगताना नेहमी तिथंच थांबावंसं वाटतं. आपल्या सोलापूरचं दैवतसुद्धा परक्या गर्दीत एकटं रडलं आहे.

मल्लिकार्जुनानं दर्शन दिलं. पण "इथंच माझ्यापाशी राहा" असं नाही म्हणाला. सोन्नलगीला, म्हणजे आपल्या या सोलापूरला जा, तिथंच श्रीशैल उभं कर, म्हणाला. मग सिद्धरामानं इथं अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि माणसं जमवून तळं खोदलं. लांबचं क्षेत्र हातांनी आपल्या दारात आणलं.

या शहराची रीतच ती आहे. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, घरात अजून तेलुगू बोलतात, पण सोलापुरी चादरीचं नाव त्यांच्या हातांनी झालं. कुणाची घरची बोली कन्नड, कुणाची मराठी. संक्रांतीला नंदीध्वज निघाले की अक्षतांना सगळ्यांचेच हात उठतात.

तेव्हा गाव आठवा, सणाला जा, पण इथलं घर म्हणजे पथारी टाकायची जागा असं मानू नका. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, सगळी चाळ बाहेर असते. शेजारच्या आजीची घागर आधी भरा. तिला विचारा, "आजी, तुमचं गाव कुठलं?" तिचंही कुठलंतरी असेल. आणि आजारी पडलात तर लाजू नका, तुम्हीच दार वाजवा. मागणाऱ्यालाही शेजार मिळतो.

आता प्रसादाला बसताना गाववाल्यांनी एकत्र बसायचं नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या शेजारी बसायचं, आणि खिचडी वाढून होईपर्यंत त्याचं नाव, गाव आणि खोली विचारून घ्यायची. वाढपी मंडळी, जरा सावकाश वाढा.

हर हर महादेव!