बीपी नोंद: सोम. ३ ते रवि. ९ नोव्हेंबर २०२५

उजवा दंड, घेर ३३.५ सेंमी, मोठा पट्टा (२२–४२). मशीनसोबत आलेला ३२ पर्यंतचाच आहे. तो ओढूनताणून बसतो आणि आकडा वाढवून दाखवतो, म्हणून कपाटात ठेवलाय, वापरायचा नाही. पहिल्या दिवशी दोन्ही दंड तपासले, उजव्याचा वरचा आकडा ६ ने जास्त आला. त्यामुळे कायम उजवाच.

सकाळी ६:४५, लघवी करून, चहा आणि गोळीच्या आधी. संध्याकाळी ८:००, जेवणाआधी. पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही. हाताखाली उशी, पट्टा छातीच्या पातळीत. १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. बरा दिसणारा तेवढा उचलायचा नाही.

गोळी: टेल्मीसार्टन ४० मिग्रॅ, सकाळी ८:००. आठवड्यात एकही चुकली नाही.

| वार | सकाळ १ | सकाळ २ | संध्या. १ | संध्या. २ |
|---|---|---|---|---|
| सोम ३ | १५२/९४ | १४६/९२ | १४४/९० | १४०/८८ |
| मंगळ ४ | १४३/९१ | १३८/८८ | १३६/८४ | १३३/८५ |
| बुध ५ | १४१/८९ | १३७/८८ | १३८/८६ | १३५/८३ |
| गुरू ६ | १४७/९२ | १४४/९० | १३७/८६ | १३६/८४ |
| शुक्र ७ | १३९/८८ | १३६/८७ | १३४/८४ | १३१/८२ |
| शनि ८ | १३८/८७ | १३५/८६ | १३२/८१ | १३०/८३ |
| रवि ९ | १३७/८८ | १३४/८५ | १३३/८२ | १२९/८१ |

बुध: त्रिपुरी पौर्णिमा. देवळातून घरी यायला पावणेबारा, जेवणात मिसळ आणि वर मूठभर फरसाण. झोप जेमतेम ५ तास.

गुरू सकाळ: १४७ कालच्या मीठ-जागरणाचा असावा. मोजण्यात चूक नव्हती, म्हणून आकडा खोडलेला नाही, सरासरीत धरलाय.

शुक्र संध्या.: आधी १५१/९५ आला होता. पट्टा शर्टाच्या बाहीवर होता आणि फोनवर बोलणं चालू होतं. तो रद्द. बाही काढून, ५ मिनिटं थांबून मोजलेले दोन वर लिहिलेत. रद्द करायचं ते मोजणी चुकली म्हणूनच, आणि कारण त्याच वेळी लिहून. आकडा आवडला नाही हे कारण होत नाही.

शीटमधली सूत्रं (B मध्ये स किंवा सं, C वरचा, D खालचा, ओळ २–५ सोमवार):

```
=ROUND(AVERAGE(C6:C29),0)
=ROUND(AVERAGE(D6:D29),0)
=ROUND(AVERAGEIF(B6:B29,"स",C6:C29),0)
```

प्रत्येक मोजणी १४७/९२ अशी एकाच चौकटीत टाकली तर शीट ती अक्षरं समजतं आणि #DIV/0! दाखवतं. वरचा-खालचा वेगळ्या रकान्यात.

---

स्वतःला मेसेज, रविवार ९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

बीपी ३–९ नोव्हें.: सरासरी १३६/८६
(मंगळ ते रवि, २४ मोजण्या. सोमवार धरलेला नाही, पहिल्या दिवशी आकडा चढाच येतो. धरला असता तर १३८/८७.)

सकाळ १३९/८८
संध्याकाळ १३४/८३
सर्वांत जास्त १४७/९२, गुरू सकाळ
नाडी ७० ते ८२ दरम्यान

घरच्या मोजणीची रेघ १३५/८५. आपण तिच्या केसभर वर आहोत, आणि ते सकाळमुळे. संध्याकाळची सरासरी रेघेच्या आत आहे. सकाळची मोजणी गोळीच्या आधीची, म्हणजे आदल्या दिवशीच्या गोळीला जवळपास २३ तास झालेले असतात. औषध पहाटेपर्यंत पुरतंय की नाही, एवढंच शुक्रवारी १४ तारखेला डॉक्टरांना विचारायचं. तोवर गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलायची नाही. वहीच न्यायची, नुसती सरासरी तोंडी सांगायची नाही. सकाळ-संध्याकाळचा फरक तिथेच दिसतो. मशीनही न्यायचं, दवाखान्यातल्या मोजणीशी एकदा ताडून बघता येईल.

पुढचा आठवडा: पापड-लोणचं रात्रीच्या ताटातून बंद, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर. सेलची खूण दिसायला लागली आहे, उद्या चार नवे आणायचे.

१८०/१२० किंवा वर आलं तर ५ मिनिटं बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, दम लागणं, एक बाजू लुळी पडणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, सरळ १०८.