स्क्रीन मोठी दिसण्याची सोय आणि डेस्कवरच्या लाइटबद्दल विनंती

नमस्कार मॅडम,

परवा तुमच्याशी ओझरतं बोलले होते, आता नीट लिहून पाठवतेय. मला स्टारगार्ड नावाचा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, यात नजरेचा मधला भाग हळूहळू धूसर होतो आणि तो चष्म्याने सुधारत नाही. कडेचं बऱ्यापैकी दिसतं, त्यामुळे चालताना फिरताना कुणाला कळत नाही, पण बारीक अक्षरं वाचताना खूप त्रास होतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड सोबत जोडलंय.

माझं मुख्य काम जीएसटीआर-2बी बिलांशी जुळवायचं. जीएसटीआयएन 15 अक्षरी असतो आणि लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर त्यातला 8 आणि B, 5 आणि S मला सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक नंबर दोनदोनदा तपासावा लागतो. 14 तारखेला 2बी येतं आणि 20 पर्यंत 3बी भरायचं असतं, तेव्हा संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं.

विंडोजमधला मॅग्निफायर मी वापरते, Win आणि + दाबलं की चालू होतो, Ctrl + Alt + I ने रंग उलटे होऊन काळ्यावर पांढरी अक्षरं येतात, ते मला फार बरं पडतं. अडचण अशी की चारपट मोठं केलं की एका वेळी स्क्रीनचा सोळावा भागच दिसतो, एक्सेलमध्ये पार्टीचं नाव एकीकडे आणि रक्कम दुसरीकडे राहते, सारखं सरकवत बसावं लागतं. म्हणून 27 इंची मॅट मॉनिटर आणि तो डोळ्यांजवळ ओढता येईल असा आर्म मिळावा. झूमटेक्स्ट या अक्षरं मोठी करणाऱ्या सॉफ्टवेअरची ट्रायल टाकायला आयटीने परवानगी दिली तर तेही बघू, मॅग्निफायरवर भागलं तर लायसन्स घ्यायची गरजच नाही.

लाइटचं म्हणाल तर माझ्या डोक्यावरचं एलईडी पॅनल थेट स्क्रीनवर चमकतं आणि पाठीमागच्या खिडकीतून दुपारचं ऊन येतं, त्या चकाकीत अक्षरं अक्षरशः धुऊन जातात. तेवढं एक पॅनल बंद करता आलं, डेस्क खिडकीला काटकोनात फिरवला आणि ब्लाइंड लावला तर खूप फरक पडेल. कागदी बिलांसाठी मात्र उजेड लागतोच, तिथे कमी-जास्त करता येणारा टेबल लॅम्प पुरे. शेजारच्या डेस्कवाल्यांशी मी बोललेय, त्यांची काही हरकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अल्पदृष्टीचा समावेश आहे आणि कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेचं समान संधी धोरण असायला हवं, त्यात ही विनंती बसते असं मला वाटतं. काम कमी करा असं मी म्हणत नाहीये. हे काम मला आवडतं आणि ते नीट करायचंय.

पुढच्या 14 तारखेच्या आत डेस्क आणि लाइटचं तरी होऊ शकेल का? आयटीवाल्यांना घेऊन एकदा माझ्या डेस्कपाशी या, प्रत्यक्ष दाखवते. आणि आजाराचं नाव तुमच्या आणि एचआरपुरतंच ठेवा, प्लीज.

आपली,
वैशाली
अकाउंट्स विभाग