घरी जाताना: चिमुकलीचा वजनवाढीचा आराखडा

डिस्चार्ज: ११ सप्टेंबर २०२५, नवजात अतिदक्षता विभाग
जन्म: ४ ऑगस्ट २०२५, ३१ आठवडे पूर्ण, वजन १३४० ग्रॅम
आज: वय ३८ दिवस, गर्भाच्या हिशेबाने ३६ आठवडे ३ दिवस, वजन १८१० ग्रॅम, लांबी ४३ सेंमी, डोक्याचा घेर ३१ सेंमी

ताई,

जन्मानंतर बाळाचं वजन १२२० पर्यंत उतरलं होतं. बाराव्या दिवशी ते जन्माच्या वजनावर परत आलं. गेले तीन दिवस रोज २४, २२ आणि २८ ग्रॅमने वाढतंय, अंगावरही चांगली ओढतेय, म्हणून घरी सोडतोय. पण तिच्या जन्माची मूळ तारीख ६ ऑक्टोबर होती, म्हणजे अजून २५ दिवस ती खरं तर पोटात असायला हवी होती. त्या दिवसांत आईच्या रक्तातून तिला जी प्रथिनं, कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळाली असती, तेवढी नुसत्या दुधातून पुरत नाहीत. काढलेल्या दुधात मिसळायची पोषक पावडरीची पुडी त्यासाठी आहे. तुमचं दूध कमी किंवा पातळ आहे असा तिचा अर्थ नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

दूध किती आणि कसं

दिवसाला किलोमागे १८० मिली हा हिशेब. दर दोन तासांनी, दिवसरात्र मिळून १२ वेळा. रात्री झोपली आहे म्हणून वेळ चुकवू नका. या वयात बाळ भुकेने रडेलच याची खात्री नसते.

वजन १८०० ग्रॅम: दिवसाला ३२५ मिली, एका वेळी २७
वजन २००० ग्रॅम: ३६० मिली, एका वेळी ३०
वजन २२०० ग्रॅम: ४०० मिली, एका वेळी ३३
वजन २४०० ग्रॅम: ४३० मिली, एका वेळी ३६

दूध वाढवायचं ते आमच्याकडे वजन झाल्यावर, घरच्या अंदाजाने नाही.

घड्याळ लक्षात ठेवायला सोपं केलंय. ६, १० आणि २ या वेळा (सकाळच्याही, रात्रीच्याही) पुडीच्या. ८, १२ आणि ४ या वेळा अंगावरच्या.

पुडीची वेळ: हात साबणाने धुवा. काढलेलं दूध बरोबर २५ मिली मोजा, त्यात १ ग्रॅमची एक पूर्ण पुडी टाका, हलकेच ढवळा आणि पलाडाईने पाजा. आजी तिला बोंडलं म्हणाल्या, तेच. २५ च्या वर जे दूध द्यायचं आहे ते त्यानंतर साधं द्या. अर्धी पुडी, दीड पुडी, कमी दुधात पुडी असं काही करायचं नाही. दाट दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात आणि लहान आतड्यांना ते झेपत नाही. पुडी घातलेलं दूध तासाभरात संपवा, उरलं तर टाकून द्या. दुकानातली दूध पावडर ही या पुडीची जागा घेत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आज ३० पुड्या दिल्या आहेत. रोज ६ लागतात, १५ तारखेला आलात की पुढच्या मिळतील.

अंगावरची वेळ: पंधरा-वीस मिनिटं पाजा, मग १५ मिली साधं काढलेलं दूध पलाडाईने द्या. ओढताना दमली, ओठ निळसर झाले तर थांबा. बाटली आणि चोखणी घरात आणूच नका.

काढलेलं दूध झाकलेल्या स्टीलच्या वाटीत बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास. फ्रिजच्या दारात नाही, आतल्या बाजूला ठेवा. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

आणि ताई, २२ तारखेला घटस्थापना आहे. यंदाचा नऊ दिवसांचा उपवास देवी माफ करेल, तुम्ही दोन वेळचं पोटभर जेवा.

औषधं

व्हिटॅमिन डी (१ मिलीत ४०० युनिट): रोज १ मिली. दुकानात याचेच दुप्पट तीव्रतेचे थेंबही मिळतात, म्हणून बाटली आम्हाला दाखवल्याशिवाय बदलू नका.
लोहाचे थेंब (१ मिलीत १० मिग्रॅ लोह): सकाळी ८ ला ०.४ मिली. शी काळपट होईल, घाबरू नका.
कॅल्शियम-फॉस्फरस सिरप (५ मिलीत २५० मिग्रॅ कॅल्शियम): दुपारी २ आणि रात्री १० ला दीड मिली. लोहासोबत एकाच वेळी नाही.

गुटी, मध, साखरपाणी, ग्राइपवॉटर काहीच नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या सल्ल्यांना 'डॉक्टर रागावतील' एवढं उत्तर पुरेसं आहे.

वाढ कशी मोजायची

वजन आठवड्यातून एकदाच, आमच्याच काट्यावर, बाळ पूर्ण उघडं, दूध पाजण्याआधी. आशाताई घरी येऊन वजन करतील, त्यांचा आकडा वेगळा लिहून ठेवा. आमच्या आकड्याशी त्याची वजाबाकी करू नका. दोन काट्यांत ४०-५० ग्रॅमचा फरक सहज असतो आणि त्या फरकावर मी आयांना रडताना पाहिलंय.

आम्हाला हवी आहे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ. म्हणजे १५ सप्टेंबरला साधारण १९००, २२ ला २०७५, २९ ला २२५० आणि ६ ऑक्टोबरला २४०० च्या पुढे. सलग आठवडाभर रोजची सरासरी १५ ग्रॅमच्या खाली गेली, तर आधी पाजण्याची पद्धत, पुडीचं माप आणि संसर्ग तपासू. एकदम जास्त पुड्या हा उपाय नाही. उलट रोज ४५ ग्रॅमच्या वर वाढू लागली तर पुड्या कमी करू, कारण नुसती चरबी वाढून उपयोग नाही.

म्हणून लांबी आणि डोकं हे वजनाइतकेच महत्त्वाचे. लांबी आठवड्याला सुमारे १ सेंमी, डोक्याचा घेर अर्धा ते एक सेंमी. डोकं आठवड्यात सव्वा सेंमीपेक्षा जास्त वाढलं तर टाळूची सोनोग्राफी करायची. तिचे बिंदू आम्ही मुदतपूर्व बाळांच्या तक्त्यावर मांडतोय, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर, पण दोन वर्षांपर्यंत वय ६ ऑक्टोबरपासूनच मोजायचं. ४ डिसेंबरला शेजारचं चार महिन्यांचं बाळ मान धरेल, तुमचं तेव्हा दोन महिन्यांचंच असेल.

६ ऑक्टोबरला वाढ ठीक असेल तर पुड्या सहावरून तीन, आठवड्याने बंद. मग पूर्ण अंगावर.

ऊब

अडीच किलो होईपर्यंत कांगारू पद्धत, दिवसाचे जमतील तितके तास, निदान आठ. बाबांनी आणि आजीनेही घ्यायचं. गार पडलेलं बाळ दुधातली ताकद स्वतःला गरम ठेवण्यात खर्च करतं आणि मग काट्यावर वाढ दिसत नाही. अंघोळ नको, ओल्या कपड्याने पुसून लगेच कोरडं करा.

यायच्या तारखा

१५ सप्टेंबर: वजन, दीड महिन्याची लस, डोळ्यांची दुसरी तपासणी. पहिली १ तारखेला झाली, पडदा अजून पूर्ण वाढलेला नाही, ही चुकवली तर चालणारच नाही.
२२ आणि २९ सप्टेंबर: वजन, लांबी, डोकं.
६ ऑक्टोबर: वरचं सगळं, कानांची तपासणी आणि हाडांसाठी रक्त.

तारखेची वाट न बघता, रात्री कितीही वाजता या: दूध ओढेनाशी झाली, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर किंवा मध्येच थांबतोय, निळी पडली, पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर पाजणं थांबवा आणि तशाच निघा. येताना बाळ छातीशी धरून या.

नवजात विभागाचे डॉक्टर
(आई आणि आजी दोघींकडून पुडी घालून दाखवून घेतली. आजींचं माप पहिल्या झटक्यात बरोबर.)