ओपीडी केसपेपर: नमुना आणि भरायचे नियम

(काउंटर, सिस्टर आणि गुरुवारचे डॉक्टर, सगळ्यांसाठी. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू.)

सर्दी-तापाच्या एका भेटीला चिठोरंही पुरतं. बीपी-शुगरचा पेशंट मात्र वर्षानुवर्षं येतो, आणि पाचव्या भेटीला आधीच्या चारही भेटी एका नजरेत दिसल्या पाहिजेत. म्हणून नवा पेपर म्हणजे मधून दुमडलेला ए-फोर जाड कागद, चार पानांचा. दर भेटीला नवं पान घ्यायचं नाही, ओळीखाली ओळ लिहायची. खाली एक भरलेला पेपर दिला आहे. नमुना असल्यामुळे आडनाव आणि फोन नंबर छापलेले नाहीत.

पान १: कायमची माहिती (काउंटर)

नोंदणी क्र.: कुटुंब ११४, व्यक्ती २
नाव: शांताबाई, पती किसन
जन्मवर्ष: १९६८ (अंदाजे, थोरल्या मुलाच्या वयावरून)
फोन: मुलाचा. पेशंटकडे स्वतःचा फोन नाही.
गाव, वस्ती: मळ्यात, शाळेच्या मागे
सोयीचा वार: सोमवार (बाजार)
ॲलर्जी: सल्फाच्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं (स्वतः सांगितलं)
घरात: आईला शुगर
तंबाखू: मिश्री, दिवसातून दोनदा

वय लिहायचं नाही, जन्मवर्ष लिहायचं. जुन्या पेपरांवर "५२" लिहिलेलं आहे आणि ते कोणत्या सालचं ते कोणालाच सांगता येत नाही. फोन कोणाचा, हेही लिहायलाच हवं, कारण एकाच नंबरावर घरातली चार माणसं असतात आणि रिपोर्ट भलत्यालाच कळतो. ॲलर्जी नसेल तर "विचारलं, नाही" असं लिहा. रकाना रिकामा ठेवू नका.

पान २: आजारांची आणि चालू औषधांची यादी (डॉक्टर)

आजार
१. बीपी, ०६/०१/२५ पासून
२. शुगर, ०६/०१/२५ पासून. एचबीएवनसी ८.४ (०६/०१/२५). पुढची ०७/०४/२५.
३. घोट्यांना सूज, उघडली १७/०२/२५, मिटली १०/०३/२५

औषधं
मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, सकाळ-रात्र जेवणासोबत. सुरू ०६/०१/२५.
अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, सकाळी. सुरू ०६/०१/२५, बंद १७/०२/२५. कारण: सूज.
टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, सकाळी. सुरू १७/०२/२५.

वर्षातून एकदा
डोळ्यांचा पडदा: अजून नाही, चिठ्ठी दिली १०/०३/२५
पाय (चप्पल काढून, बोटांच्या मधे): ०६/०१/२५, जखम नाही
लघवीतलं अल्ब्युमिन: ०६/०१/२५, नाही

बंद केलेलं औषध खोडून टाकायचं नाही. तारीख आणि कारण लिहून ते तिथेच राहू द्या. सहा महिन्यांनी दुसरा कोणी डॉक्टर तीच गोळी पुन्हा सुरू करू शकतो, आणि त्याला अडवायला ही एक ओळ पुरते. औषधाचं मूळ नाव लिहायचं, कंपनीचं नाही. दुकानदार ब्रँड बदलून देतो आणि मग पेशंट एकाच औषधाच्या दोन गोळ्या घेत बसतो.

पान ३: भेटींच्या ओळी

| तारीख, प्रकार | मागच्या भेटीपासून | मोजमाप | शिल्लक गोळ्या | निर्णय आणि कारण | पुढची तारीख |
|---|---|---|---|---|---|
| ०६/०१/२५ नवी | थकवा, रात्री लघवीला तीनदा | बीपी १५८/९६, पुन्हा १५४/९४. वजन ६८. उपाशी साखर, लॅब १८२ | लागू नाही | १, २: मेटफॉर्मिन (६० दिल्या) आणि अ‍ॅम्लोडिपिन सुरू | ०३/०२ |
| ०३/०२/२५ फेर | लघवी रात्री एकदा | बीपी १४६/९०, पुन्हा १४६/९०. वजन ६७.५. उपाशी, लॅब १४८ | मेटफॉर्मिन १५ (हव्या होत्या ४) | २: डोस वाढवला नाही, रात्रीची गोळी चुकते. गोळी ताटाशेजारी ठेवायला सांगितली. ६० दिल्या. १: बदल नाही, चार आठवड्यांनी पाहू | ०३/०३ |
| १७/०२/२५ मध्येच | दोन्ही घोट्यांना सूज, आठ दिवस. दम नाही | बीपी १३८/८६. वजन ६८. साखर ना.के. | मेटफॉर्मिन ४८ (हव्या होत्या ४७) | ३: अ‍ॅम्लोडिपिन बंद, टेल्मिसार्टन सुरू. क्रिएटिनिन, पोटॅशियम दोन आठवड्यांनी | ०३/०३ |
| ०३/०३/२५ आल्या नाहीत | मुलाला फोन केला: गावाला लग्न आहे, सोमवारी येतील | | | | १०/०३ |
| १०/०३/२५ फेर | सूज गेली | बीपी १३२/८४. वजन ६७. उपाशी, लॅब १२६. क्रिएटिनिन ०.९, पोटॅशियम ४.४ | मेटफॉर्मिन ६ (हव्या होत्या ५) | १, २: बदल नाही, आकडे उतरताहेत. ३: मिटलं | ०७/०४ |

०३/०२ ची ओळ सगळ्यांनी नीट वाचा. साखर १४८ आहे एवढंच पाहिलं असतं तर डोस वाढवला गेला असता. पंधरा गोळ्या शिल्लक निघाल्या म्हणून खरी अडचण कळली. "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्यामुळे सिस्टरनी विचारत न बसता पाकिटं मागायची आणि मोजायची. पाकीट आणलं नसेल तर "आणलं नाही" असं लिहायचं.

मोजमापाचे नियम. बीपी पाच मिनिटं बसवून, दर वेळी उजव्या हातावर. पहिला आकडा १४० किंवा ९० च्या वर असेल तर पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहा. वजन चप्पल काढून, त्याच काट्यावर. साखरेच्या आकड्याशेजारी उपाशी की जेवणानंतरची, लॅबची की बोटातली, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा नसल्यातच जमा.

"ना.के." म्हणजे केलं नाही. रिकाम्या रकान्यावरून तपासणी केलीच नाही, केली पण नॉर्मल आली, की करून लिहायची राहिली, काहीच कळत नाही. म्हणून आल्या नाहीत ती ओळ सोडली तर कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही.

निर्णयाच्या रकान्यात "तेच चालू" हे दोन शब्द बंद. आजाराचा क्रमांक, बदल केला की नाही, आणि का, एवढं लिहायचं. बदल नसेल तरी "बदल नाही" आणि कारण. गुरुवारच्या डॉक्टरांना विशेष विनंती: तुमच्या ओळीखाली आद्याक्षरं घाला, म्हणजे शंका आली तर कोणाला फोन करायचा ते कळेल.

तक्रारीचे दिवस आकड्यात लिहायचे. "बरेच दिवस खोकला" चालणार नाही. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर थुंकीची चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवायचं आणि ते निर्णयाच्या रकान्यात उतरवायचं.

न आलेल्यांची ओळ काउंटरने लिहायची. दुपारी दवाखाना बंद करण्याआधी त्या दिवसाच्या तारखा वहीतून तपासा. फोन एकदाच, आवाजात रागावणं नको. कारण पेशंट सांगेल त्या शब्दांत लिहा.

पान ४: रिपोर्ट

मूळ रिपोर्ट पेशंटकडे राहील. इथे तारीख, तपासणी आणि आकडा, नवा सगळ्यात खाली. पान भरलं की दुसरा कागद मागून टाचायचा, पान २ मात्र नव्याने लिहून सगळ्यात वर ठेवायचं.

पेशंटने पेपरची प्रत मागितली तर नकार नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणीनंतर ७२ तासांत प्रत द्यायची आहे. आपण त्याच दिवशी झेरॉक्स देऊ. त्याच नियमांत भरती पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायला सांगितली आहेत. आपले ओपीडीचे पेपर शेवटच्या भेटीपासून पाच वर्षं कपाटात राहतील, कुटुंब क्रमांकाच्या क्रमाने.

जुने पेपर एकदम उतरवत बसू नका. बीपी, शुगर, दमा, फिट्स आणि थायरॉईडचे पेशंट जसजसे येतील तसतसं पान १ आणि २ नव्या पेपरवर लिहायचं, आणि शेवटच्या दोन भेटी पान ३ वर उतरवून जुना पेपर मागे टाचायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी कपाटातून हाताला येतील ते दहा पेपर काढून तिघंही बसू आणि कोणता रकाना रिकामा राहतोय ते पाहू. जो रकाना कोणीच भरत नाही, तो दुसऱ्या छपाईत काढून टाकू.