विश्वामित्रीचं पाणी किती वाजता येईल? – व्याख्यात्यांची ओळख

नमस्कार मंडळी. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आपल्या दाराशी किती वाजता येणार हे आधी कळलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उजेड असतानाच वरच्या मजल्यावर नेता येतं.

आजचं व्याख्यान त्यासाठी आहे. पत्रिकेवर विषय छापलाय 'पूर-अंदाजाचं जलविज्ञान', आणि तो वाचून दोघातिघांनी मला विचारलं, "हे आपल्याला झेपेल का हो?" झेपेल. बडोद्यात राहणाऱ्या माणसाचा यातला अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. आजवा सरोवराची पातळी किती, काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी किती फूट, हे पावसाळ्यात आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना विचारतो. 26 फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

पण 2024 च्या ऑगस्टअखेर काय झालं ते आठवा. पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. आकडे सगळ्यांच्या मोबाइलवर येत होते, घटकेघटकेला. तरी समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा इथे लोक गाड्या खालीच ठेवून झोपले, कारण पुलापाशी 28 फूट झाले म्हणजे माझ्या गल्लीत काय होणार आणि कधी होणार, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. ती सांगड घालणं हे आजच्या वक्त्यांचं काम आहे.

स्मिताताई आपल्याच कलाभवनात स्थापत्य शिकल्या आणि पुढे नद्यांच्या मागे लागल्या. नदीच्या पात्राची मोजमापं घ्यायची, पावसाचे आणि पातळीचे जुने आकडे जमवायचे आणि वर इतका पाऊस पडला तर खाली किती तासांनी किती पाणी पोचेल याचं गणित संगणकावर मांडायचं, हे त्या वर्षानुवर्षं करतायत. पदव्यांची यादी त्यांनी मला दिली होती. ती वाचायची नाही असंही त्यांनीच बजावलंय. एवढंच सांगतो की पुराचं पाणी ओसरल्यावर त्या घराघरांतून भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेची उंची टेपने मोजत फिरत होत्या. आमच्या जिन्यातली रेषासुद्धा त्यांच्या वहीत आहे. आम्ही मात्र दिवाळीआधी रंग काढून ती पुसून टाकली!

ताईंच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येईल, तेवढा आधी सांगून ठेवतो: क्यूसेक. एका सेकंदात एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण 28 लिटर. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक क्यूसेकने पस्तीसेक सेकंदांत भरेल. धरणातून 'हजारो क्यूसेक' सोडल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा ही टाकी डोळ्यांपुढे आणा.

आणखी एक. आपल्याकडे पूर आला की पहिला प्रश्न असतो, "आजव्याचं पाणी कोणी सोडलं?" सयाजीरावांच्या काळात बांधलेलं हे सरोवर पिण्याच्या पाण्यासाठी होतं, पूर अडवण्यासाठी नव्हे. त्यात पावागढकडून येणारं सगळंच पाणी काही आजव्याच्या दरवाजांतून येत नाही. वाटेतले ओढे आहेत, शहरात पडलेला पाऊस आहे. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथेच, आपल्या डोक्यावर पडला होता. शिवाय पुढे ढाढर नदी तुडुंब असली तर आपलं पाणी उतरायला जागाच मिळत नाही. या सगळ्याचं एकत्र गणित कसं करतात आणि ते कुठे फसतं, हे दोन्ही ताई सांगणार आहेत. फसण्याबद्दल मोकळेपणाने बोलणारे तज्ज्ञ कमी भेटतात, म्हणून त्यांना बोलवायचा मी हट्ट धरला.

नदीपात्रात बांधकामांना परवानगी कोणी दिली, हा प्रश्न माझ्याही मनात आहे. पण त्यावर आपण रोज ओटल्यावर भांडतोच, आज नको. नदीतल्या मगरींबद्दलही विचारू नका, म्हणजे निदान पहिल्या अर्ध्या तासात नको.

व्याख्यान पाऊण तासाचं आहे, नंतर प्रश्न. प्रश्न मराठीत विचारा, गुजरातीत विचारा, ताईंना दोन्ही चालतं. बाहेर टेबलावर आपल्या भागाचा नकाशा पसरून ठेवलाय. जाताना प्रत्येकाने आपलं घर शोधून 2024 ला पाणी किती पायऱ्या चढलं होतं ते पेन्सिलीने लिहायचं आहे. ताईंना त्या नोंदी हव्या आहेत. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर लिहिल्याशिवाय चहा घ्यायचाच नाही.

स्मिताताई, या. माइक थोडा वर करून घ्या, माझ्या उंचीला लावलाय.