बाबांसाठी, जूनच्या तिसऱ्या रविवारी

बाबा,

मेसेज लांब आहे. लाइनवर असाल तर आत्ता उघडू नका. रात्री भिजलेले कपडे बदलून, जेवून झालात की सावकाश वाचा.

आज फादर्स डे. जूनचा तिसरा रविवार. तुम्ही म्हणाल, हा कुठला सण, आणि तोही मिरगाच्या पावसात, जेव्हा आंब्या-फणसाच्या फांद्या तारांवर पडून एकेक फिडर बंद होत असतो. केक आणि फोटो तुम्हाला आवडत नाहीत, ते करत नाही. पण जे बोलायचं आहे ते आपल्या घरात कधी बोललं जात नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही कडक आहात हे सगळी वाडी सांगते. मलाही तसंच वाटायचं. एकच गोष्ट तीन तीनदा विचारणार, उत्तर 'बहुतेक' असं आलं की आवाज चढणार, 'बघते' म्हटलं की 'बघून मग सांग' म्हणणार. आता रुग्णालयात काम करू लागल्यावर मला नीट समजलं, की घरातले हे सगळे नियम खांबावरून आलेत. ज्या कामात 'बहुतेक सप्लाय बंद आहे' असं म्हणणारा माणूस घरी परत येत नाही, ते काम तुम्ही आयुष्यभर केलंत. तिथून आलेला माणूस दारात चप्पल काढताना 'बहुतेक' कसा चालवून घेईल?

तुमची ती पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण ती लहानपणापासून जेवताना ऐकली. आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट. फिडरचं नाव पूर्ण घ्यायचं, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. मग एबी स्विच उघडायचा आणि खाली उभं राहून तिन्ही पाती वेगळी झालेली डोळ्यांनी बघायची, कारण हँडल खाली आलं तरी एखादं पातं चिकटून राहतं आणि दोन फेज बंद, तिसरा चालू असतो. हँडलला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेस्टर. मग डिस्चार्ज रॉड: क्लिप आधी अर्थला, त्यानंतरच हुक तारेला. काढताना उलटं, आधी तारेवरून, शेवटी अर्थवरून. आणि रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना, कारण कुणाच्या तरी जनरेटरचा किंवा चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरचा रिटर्न सप्लाय कुठल्या बाजूने येईल सांगता येत नाही. परमिट परत करण्याआधी खाली उतरलेली माणसं मोजायची. नावं घेऊन.

हे 'नावं घेऊन' मी रोज करते, बाबा. औषध देण्याआधी रुग्णाला 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि हातातल्या पट्टीशी ताडून बघायचं. मग औषध, मात्रा, कुठून द्यायचं, वेळ. नव्या मुलींना हे जाचक वाटतं. मला पहिल्या दिवशीही वाटलं नाही. वॉर्डात माझ्या हातून काम नीट होतं, त्यातलं निम्मं श्रेय तुमचं आहे.

गावात तुम्हाला अजून 'बोर्डवाले' म्हणतात. मंडळाची महावितरण होऊन कितीतरी वर्षं झाली, २००५ सालची गोष्ट ती. लोकांना लाइट गेली की तुमचा नंबर आठवतो, आली की विसरतो. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही असं तुम्ही दाखवता. मला वाटतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सगळ्या किनारपट्टीवर खांब आडवे झाले होते, नेटवर्क नव्हतं, वर करोना. तुम्ही घरी यायचात ते अंघोळीपुरते, आणि तेव्हाही आईला विचारायचात ते पाणी उकळलं का आणि पडलेल्या तारेजवळून कुणी गेलं नाही ना. आम्ही त्या वेळी तुम्हाला साधं 'दमलात का' विचारलं नाही. आज विचारते. दमलात का, बाबा?

तुम्ही कधी जवळ घेतलं नाहीत, पण घरभर तुमची काळजी ठोकून बसवलेली आहे. मागच्या पडवीतली जीआय तार काढून तुम्ही नायलॉनची दोरी बांधलीत, कारण पावसात पत्र्यातून करंट उतरला तर ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईचाच हात आधी तारेला लागतो. दर महिन्याच्या एक तारखेला ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबायला आम्हा दोघांना लावलंत, आणि तो ३० मिलिअँपिअरचाच हवा हे दुकानदाराशी भांडून घेतलंत. आपल्या जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. चतुर्थीला माटवीवरच्या माळेचा प्रत्येक जोड तुम्ही स्वतः तपासायचात आणि मगच प्लग लावू द्यायचात. मी हॉस्टेलला गेले तेव्हा आईने लाडू दिले, तुम्ही टेस्टर दिलात. खोलीतले सगळे सॉकेट बघितलेत, एक सैल होता तो वापरू नको म्हणालात आणि निघालात. तेव्हा रडू आलं होतं. आता तो टेस्टर माझ्या कपाटात असतो आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ती आज सांगते. दादा चुकला की तुम्ही चारचौघांत बोलता. लाइनवर ओरडावंच लागतं, वाऱ्यात वरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. घरात तो हातभर अंतरावर बसलेला असतो. त्याला एकट्याला घेऊन सांगा, तो ऐकतो. तुमचं लक्ष आपल्याकडे आहे हे त्यालाही हवं असतं, फक्त तो मागणार नाही. तोही तुमच्यासारखाच आहे.

आता माझ्याकडच्या सूचना. तुमच्या इतक्या ऐकल्या, आता माझ्या ऐकायच्या.

कुरिअरने एक खोकं पाठवलंय, मंगळवारपर्यंत पोचेल. त्यात बीपीचं मशीन आहे. सकाळी चहाच्या आधी मोजायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाने परत मोजायचं आणि दोन्ही आकडे तुमच्या डायरीत लिहायचे. घाईत, उभ्याने, शर्टाच्या बाहीवरून घेतलेला आकडा मला नको. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय.

खोक्यात सुती मोजे आहेत. गमबुटात दिवसभर पाय भिजून चिखल्या होतात, आणि तुम्ही त्यावर खोबरेल लावून विषय संपवता. तेलाने ओल आत राहते. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांमधली जागा कोरडी पुसा, मग डबीतली पावडर. बूट रात्री उलटे ठेवा. एकच जोड मोजे सलग दोन दिवस नाही.

सगळ्यात महत्त्वाचं लेप्टोचं. पायाला चीर असताना शेतातल्या, गोठ्याजवळच्या साचलेल्या पाण्यात तुम्हाला उतरावंच लागतं, डीपी नेमका तिथेच असतो. पावसाळाभर आठवड्याला घ्यायची डॉक्सीसायक्लिन तुम्हाला चालेल का, हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. दिली तर जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, घशाशी जळजळ होते. आणि ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर 'उद्या बघू' नाही. त्याच दिवशी रक्त तपासायचं. उशीर झाला तर हा आजार मूत्रपिंडावर जातो. मी अशी माणसं बघते, बाबा, म्हणून हा आवाज चढलेला आहे. तो तुमचाच आहे.

हातमोजे रोज तपासताय ना? मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, दाबायचं, गालाजवळ धरायचं. हवा लागली तर तो मोजा कापून टाकायचा, नाहीतर दुसरा कुणीतरी घालतो. हे तुम्हीच शिकवलंत. तरीही विचारते, कारण तुम्हीही मला रोज विचारता.

चतुर्थीला येईन तेव्हा तुमच्या सेक्शनच्या सगळ्यांना एक तास बसवा. शॉक लागलेल्या माणसाचं हृदय थांबतं किंवा नुसतं थरथरतं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं सोबतच्या माणसांच्या हातात असतात. सप्लाय तोडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक आहे. पुढचं मी दाखवते: एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने कडक जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दाबायला लागायचं, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, दमलेल्या हाताने खोली कमी होते. सरावासाठी पुतळा मी घेऊन येते. फादर्स डेची भेट म्हणाल तर हीच. ज्यांच्या भरवशावर तुम्ही खांबावर चढता, त्यांचे हात मला तयार हवेत.

बाबा, माझा तुमच्यावर फार जीव आहे. 'पोचलंस?' एवढंच विचारून तुम्ही फोन ठेवता, आणि मी नाइटवरून पोचेपर्यंत तुम्ही जागे असता हे आईने मला कधीच सांगून टाकलंय. तुम्ही बदलावं, गोड बोलावं, असं मला काही नको. तुम्ही रोज घरी उतरून यायला हवे.

उत्तर लिहायची गरज नाही. बुधवारी रात्री नऊला फोन करते, तोवर खोकं आलेलं असेल. दोन्ही वेळचे आकडे वाचून दाखवा, आणि फोन आईकडे देऊ नका.

तुमची बाय