मुग्धा आणि सिद्धेशसाठी चार शब्द

नमस्कार मंडळी. मी मुग्धाची थोरली बहीण. जेवणं थंड होऊ नयेत म्हणून थोडक्यात बोलते.

लग्न ठरल्यापासून नातेवाईक एकच विचारत आहेत, "फोंड्याची मुलगी आणि चोडणचा मुलगा, जमवलं कोणी?" सुरुवातीला घरातल्या काहींनी सुचवलं होतं की ओळखीतून जमलं असं सांगूया, उगाच चर्चा नको. पण हे दोघं म्हणाले, आमचा संसार आम्हाला खोट्या गोष्टीने सुरू करायचा नाही. म्हणून त्यांच्या संमतीने सांगते, ही दोघं एका डेटिंग ॲपवर भेटली. एकमेकांना त्यांनी काय काय लिहिलं ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. मी सांगणार आहे ते मला दिसलं तेवढंच.

सिद्धेशने स्वतःच्या माहितीत लिहिलं होतं, "देवळाच्या उत्सवात नाटकात काम करतो. वाक्यं विसरतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो." आमच्या घरात उत्सवातलं मराठी नाटक म्हणजे वर्षाचा सण. मुग्धाने विचारलं, "यंदा कुठली भूमिका?" पहिला निरोप तिचा होता, हे मला आज अभिमानाने सांगायचं आहे.

सिद्धेश वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पाळीवर. तो सरळ लिहायचा, "आज रात्रपाळी आहे, उद्या दुपारी बोलू." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आलेला असायचा. मुग्धा एकदा मला म्हणाली, "ताई, हा बोलू म्हणतो आणि खरंच बोलतो." माझ्या बहिणीला मी लहानपणापासून ओळखते. ती कोणाचं कौतुक सहजासहजी करत नाही.

भेटायचं ठरलं तेव्हा त्याने कळवलं, "ठिकाण तू ठरव. आणि कुठे जातेस ते घरी कोणाला तरी सांगून ये." ते सांगितलं गेलं ते मला. रविवारची सकाळ, पणजीच्या बाजारातलं गजबजलेलं हॉटेल, भाजी-पाव आणि चहा. मी दिवसभर फोन हातात धरून होते. अनोळखी मुलाने माझ्या बहिणीच्या काळजीचा विचार तिला भेटण्याआधी केला होता, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. सिद्धेश, तुला हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. पावसाळा गेला, शिगमा आला, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहत कितीतरी संध्याकाळी गेल्या. मग मुग्धाने आई-बाबांना सगळं सांगितलं. आई जरा गप्प झाली. फोनवरून ओळख झालेल्या मुलाचं घर कसं असेल, माणसं कशी असतील, ही आईची काळजी होती आणि ती रास्त होती. बाबांनी कुळदेव विचारला, गाव विचारलं आणि म्हणाले, "चवथीला जाऊन बघूया."

चोडणला त्यांच्या घरी माटोळी बांधलेली होती. सिद्धेशचे बाबा रानात जाऊन स्वतः कांगलां, घागऱ्यो गोळा करतात. आमचे बाबा माटोळीखाली उभे राहिले आणि एकेका फळाचं नाव विचारत गेले. काकांनी न कंटाळता सगळी सांगितली. तेवढ्यात आत सिद्धेशच्या आईने माझ्या आईला विचारलं होतं, "मुग्धेला काय आवडतं जेवायला?" परतताना फेरीत आई म्हणाली, "माणसं बरी आहेत हो." मुग्धा तिला बिलगून बसली.

काकी, काका, तुम्ही माझ्या बहिणीला ती कुठून भेटली असं कधी विचारलं नाही, ती कशी आहे एवढंच पाहिलंत. त्यासाठी आमच्या घराकडून मनापासून आभार.

आपल्या गोव्यात रजिस्ट्रारकडे दोनदा जाऊन सही करावी लागते. पहिली सही करून बाहेर आल्यावर सिद्धेशने मुग्धाला विचारलं, "दुसऱ्या सहीपर्यंत विचार करायला वेळ आहे, काही विचारायचं आहे?" ती म्हणाली, "यंदा कुठली भूमिका?"

मुग्धा, तू घरातली धाकटी, पण या सगळ्यात सगळ्यात धीराने तूच वागलीस. आईची काळजी मनावर न घेता ती समजून घेतलीस. सिद्धेश, रात्रपाळी असेल तेव्हा असंच आधी सांगत जा, ती वाट पाहील. आणि उत्सवात वाक्य अडलं तर पहिल्या रांगेकडे बघ, आता तिथे आम्ही सगळे असू.

चला, सगळ्यांनी कोकम सरबताचे पेले वर करा. मुग्धा आणि सिद्धेश यांच्यासाठी, आणि फोंडा-चोडणच्या दोन्ही घरांसाठी. देव बरें करूं!